कुंकवाचा डाग: आधी ओळख, मग पाणी

मालवणात दिवाळी पाडव्याला रामेश्वर-नारायणाची पालखी निघते. दुसऱ्या दिवशी मला हमखास विचारले जाते, धोतरावरचे कुंकू कसे काढायचे? माझे पहिले उत्तर ठरलेले आहे: पाणी लावू नका. कोरडे कुंकू आधी झटका आणि उरलेले मऊ ब्रशने बाहेरून आत, डागाच्या मध्याकडे गोळा करा. ओले बोट लागले की तीच भुकटी धाग्यात शिरते.

मग करंड्यातले चिमूटभर कुंकू तपासा. पांढऱ्या कागदावर तीन ढीग करून एकावर लिंबाचा रस, दुसऱ्यावर धुण्याच्या सोड्याचे पाणी आणि तिसऱ्यावर साधे पाणी टाका. लिंबाने पिवळे पडले तर ते हळद आणि चुन्याचे. सोड्याने काळपट झाले तर हळद आणि टाकणखाराचे. दोन्हींनी फरक पडला नाही आणि साध्या पाण्यातच गुलाबी रंग सुटला, तर तो कृत्रिम रंग.

हळदीचा रंग पाण्यात फारसा विरघळत नाही, स्पिरिटमध्ये विरघळतो, आणि उन्हात विटतो. गेल्या वर्षी चुन्याच्या कुंकवाचे एक सुती धोतर मी असे काढले: डागाखाली जुना पांढरा पंचा घातला, कापसाने स्पिरिट टिपत गेलो आणि कापूस लाल-पिवळा झाला की बदलत गेलो. चोळले नाही. रंग उतरेनासा झाल्यावर साबण लावला. डाग पुन्हा लाल झाला, पण तो पसरलेला नव्हता. साबणातल्या खारामुळे हळद लाल होते. खळबळून धुतल्यावर फिकट पिवळी छटा राहिली, ती दोन दुपारच्या उन्हात गेली. स्पिरिट लावताना जवळ पणती नको.

कृत्रिम रंगाला मात्र भिजत घालणे घातक. कापड उलटे धरून डागाच्या मागून नळाचे गार पाणी सोडा, म्हणजे रंग आला त्याच वाटेने बाहेर जातो. पाणी स्वच्छ येईपर्यंत साबण नको.

मेंदीची गोष्ट उलटी. तिचा रंग त्वचेतल्या प्रथिनाला धरतो आणि रेशीमही प्रथिनच आहे. म्हणून तोच थेंब सुती साडीवरून बराच निघतो, पैठणीवर मात्र पक्का बसतो. वाळलेला लगदा बोथट चमच्याने उचला. लिंबू लावू नका. मेंदी भिजवताना रंग खुलावा म्हणूनच ते घालतात. पांढऱ्या सुती कापडाला लिटरभर कोमट पाण्यात एक मोठा चमचा ऑक्सिजन ब्लीच चालते. त्यात तासभर ठेवा. रेशमाला ते नको आणि क्लोरीनचे ब्लीच तर मुळीच नको, त्याने धागाच खराब होतो. रेशमावर गार पाणी आणि सौम्य, बिनखारी साबण एवढेच घरी करावे, तेही पदराच्या आतल्या कडेला साडीचा स्वतःचा रंग सुटतो का ते पाहून. ओल्या पांढऱ्या कापडाने ती कड दाबली आणि कापडावर रंग उतरला, तर तिथेच थांबावे आणि साडी ड्रायक्लीनरकडे द्यावी.

डाग पुरता गेल्याशिवाय इस्त्री फिरवू नका. उष्णतेने उरलेला रंग पक्का होतो.