फरशी मोजून मांडलेला सोफा

रिकाम्या घराच्या फोटोत खोलीचा अंदाज येत नाही. चार भिंती आणि एक खिडकी दिसते, पण इथे पलंग मावेल का, हे कळत नाही. म्हणून जाहिरातीसाठी हल्ली फोटोतच संगणकावर सोफा, पडदे, दिवे मांडतात. याला व्हर्च्युअल स्टेजिंग म्हणतात. यातली खरी कसोटी सजावटीची नसून मापाची आहे.

दहा बाय सोळा फुटांचा हॉल घ्या. आपल्याकडच्या फ्लॅटमध्ये दोन बाय दोनची व्हिट्रिफाइड टाइल बरीच दिसते. म्हणजे रुंदीला पाच टाइल्स, लांबीला आठ. हीच आपली मोजपट्टी. सात फुटी, तीन आसनी सोफा साडेतीन टाइल्स व्यापणार आणि भिंतीपासून दीड टाइल पुढे येणार. समोर दीड फूट खोलीचं टीव्ही युनिट ठेवलं, की मध्ये साडेपाच फूट उरतात. त्यात दोन फुटी टीपॉय ठेवला, तर दोन्ही बाजूंना पावणेदोन फूट वाट राहते. हा हॉल एवढाच आहे. तोच सोफा अडीच टाइल्समध्ये बसवला, तर हॉल ऐसपैस दिसतो, पण तो सोफा पाच फुटांचा झालेला असतो. घर बघायला आलेल्या माणसाला हे दारातच जाणवतं आणि पुढच्या बोलण्यावरचा त्याचा विश्वास उडतो.

मूळ फोटो चांगला नसेल, तर पुढचं सगळं अवघड. कॅमेरा ट्रायपॉडवर, साधारण छातीच्या उंचीवर आणि अगदी सरळ हवा, म्हणजे भिंतींच्या कडा कलत नाहीत. टाइल्सच्या सांध्यांच्या रेषा लांबवल्या, की त्या जिथे मिळतात तिथेच सोफ्याच्या कडाही मिळायला हव्यात. वाइड लेन्समध्ये फोटोच्या कडेची वस्तू ताणली जाते, म्हणून अगदी कडेला खुर्ची मांडू नये.

मग उजेड. खिडकी डावीकडे असेल, तर सावली उजवीकडे पडली पाहिजे. सोफ्याच्या पायांना टेकून बारीक, गडद सावली नसेल, तर तो तरंगतो. चकचकीत टाइलवर पायांचं पुसट प्रतिबिंबही हवं. ते बहुतेक वेळा राहून जातं.

दार उघडण्याच्या जागेत कपाट किंवा स्विचबोर्डवर चित्र आलं, तर मांडणी करणाऱ्याने घर नीट पाहिलेलं नाही, असं समजावं. याहून गंभीर म्हणजे भिंतीवरची ओल पुसणं, खिडकीबाहेरच्या इमारतीच्या जागी झाडं लावणं. सामान मांडणं ही कल्पना झाली. घरच बदलणं ही फसवणूक आहे.

सजवलेल्या फोटोवर तसं लिहिलेलं असावं आणि शेजारी रिकाम्या खोलीचा मूळ फोटो असावा. नसेल तर एजंटकडे मागा, त्यातल्या टाइल्स मोजा आणि घर बघायला जाताना टेप सोबत न्या.