चार आठवडे, सात रात्री

वॉर्डात नवा ड्युटी चार्ट लागला की प्रत्येक सिस्टर आधी आपली ओळ शोधते आणि त्या ओळीतल्या नाइट मोजते. मग शेजारणीच्या मोजते. दोन्ही आकडे सारखे निघाले तरी कुरबुर थांबतेच असं नाही, कारण सात नाइट आणि सात नाइट यांत फरक असू शकतो. एकीच्या रात्री मंगळवार-बुधवारच्या असतात, दुसरीच्या शनिवार-रविवारच्या. एकीला रात्रीनंतर दोन दिवस झोप मिळते, दुसरी सकाळी आठला घरी जाते आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आठला परत येते.

हे बहुतेक वेळा कुणाच्या मनात पक्षपात असतो म्हणून होत नाही, चार्ट भरण्याच्या पद्धतीमुळे होतं. इन्चार्ज सिस्टर आधी नावं लिहिते, मग जिने जी तारीख मागितली तिथे ऑफ टाकते आणि उरलेल्या चौकटींत नाइट बसवते. उरलेल्या चौकटी अर्थातच न मागणाऱ्यांच्या असतात. यावर उपाय म्हणजे क्रम उलटा करायचा: आधी चार आठवड्यांची ओळ बांधायची आणि नावं शेवटी लिहायची.

तीस खाटांचा एक मेडिसिन वॉर्ड घेऊ. आपल्याकडच्या अनेक सरकारी रुग्णालयांत असतात तशा तीन पाळ्या धरू: सकाळी 8 ते दुपारी 2, दुपारी 2 ते रात्री 8 आणि रात्री 8 ते सकाळी 8. म्हणजे नाइट बारा तासांची, सकाळ आणि दुपार मिळून जेवढी होते तेवढी. प्रत्येक पाळीला दोन सिस्टर हव्यात. इन्चार्ज सिस्टर यात धरलेली नाही, ती रोज सकाळी असते. 28 दिवसांत दोघींच्या हिशेबाने 56 नाइट भरायच्या आहेत. आठ जणी असतील तर प्रत्येकीला सात.

या सात रात्री देण्याची सर्वांत सोपी पद्धत म्हणजे महिन्यातला एक अख्खा आठवडा नाइट. मोजणीत ती चोख आहे. पण सलग सात रात्री म्हणजे 84 तास, आणि दिवसा घरात पाहुणे, मुलं, कुकरच्या शिट्ट्या. चौथ्या-पाचव्या रात्रीपर्यंत झोपेची थकबाकी साठत जाते आणि पहाटे चारला सलाइनचा वेग मोजताना ती जाणवते. म्हणून सात रात्रींचे तुकडे करायचे: तीन, दोन आणि दोन. चोवीस तास चालणाऱ्या कारखान्यांत आणि रुग्णालयांत अनेक देशांत वापरली जाणारी 2-2-3 ची मांडणी इथे नेमकी बसते. आठवडा सोमवारी सुरू होतो असं धरलं तर ती अशी दिसते. ‘स’ म्हणजे सकाळ, ‘दु’ दुपार, ‘रा’ रात्र आणि ‘ऑ’ ऑफ.

| ओळ | सोम | मंगळ | बुध | गुरु | शुक्र | शनि | रवि |
|---|---|---|---|---|---|---|---|
| 1 | स | स | दु | दु | रा | रा | रा |
| 2 | ऑ | ऑ | स | स | दु | दु | दु |
| 3 | रा | रा | ऑ | ऑ | स | स | स |
| 4 | दु | दु | रा | रा | ऑ | ऑ | ऑ |

आठ जणींच्या चार जोड्या करायच्या: अ, ब, क, ड. पहिल्या आठवड्यात ‘अ’ पहिल्या ओळीवर, ‘ब’ दुसऱ्या, ‘क’ तिसऱ्या, ‘ड’ चौथ्या ओळीवर. पुढच्या सोमवारी प्रत्येक जोडी एक ओळ खाली सरकते आणि चौथ्या ओळीवरची जोडी वर पहिल्या ओळीवर येते. एवढंच.

आता तक्ता उभा वाचा. सोमवारच्या रकान्यात स, ऑ, रा, दु हे चारही एकेकदा आहेत. बुधवारच्या रकान्यात दु, स, ऑ, रा. कुठलाही वार घेतला तरी तेच. म्हणून कुठल्याही दिवशी एक जोडी सकाळी असते, एक दुपारी, एक रात्री आणि एक घरी, एकही पाळी रिकामी राहत नाही. यातूनच न्यायाचा खरा भाग निघतो: चार आठवड्यांत प्रत्येकीच्या वाट्याला सोमवारची एक रात्र, मंगळवारची एक, असं करत रविवारची एक येते. शनिवारची नाइट टळलेली कुणी नाही आणि दोनदा मिळालेलीही कुणी नाही. शुक्रवार ते रविवार असा जोडून ऑफही प्रत्येकीला एकदाच.

तक्ता आडवा वाचला की विश्रांती दिसते. पाळ्या नेहमी सकाळ, दुपार, रात्र याच क्रमाने येतात आणि रात्रीनंतर कायम ऑफ येतो. क्रम असा ठेवण्याला शरीराचं कारण आहे. उजेड-अंधाराची खूण मिळाली नाही तर माणसाच्या शरीराचं घड्याळ चोवीस तासांपेक्षा किंचित सावकाश चालतं, त्यामुळे झोपेची वेळ पुढे ढकलणं सोपं जातं आणि अलीकडे ओढणं जड जातं. दुपारची पाळी रात्री आठला संपते आणि पहिली नाइट दुसऱ्या दिवशी रात्री आठला सुरू होते, मध्ये पूर्ण 24 तास. रविवारची नाइट सोमवारी सकाळी आठला संपते आणि पुढची ड्युटी बुधवारी सकाळी आठला, मध्ये 48 तास. चौथ्या ओळीच्या शेवटी हे अंतर 72 तासांचं होतं.

तासांची बेरीज चार आठवड्यांत 168, म्हणजे आठवड्याला सरासरी 42. पण ही सरासरीच आहे. पहिल्या ओळीच्या आठवड्यात 60 तास भरतात, दुसऱ्यात 30, तिसऱ्यात 42 आणि चौथ्यात 36. पहिली ओळ जड आहे हे आधीच सांगून ठेवावं, त्या आठवड्यात जादा ड्युटी कुणाला लावू नये.

कागदावर हे सुंदर दिसतं, पण आठ जागांसाठी आठच जणी असतील तर पहिल्या रजेलाच ते मोडतं. कुणाच्या मुलाला ताप येतो, कुणाची सीएल असते, कुणी प्रसूती रजेवर जाते आणि तिची नाइट सोबतच्या सिस्टरवर एकटीने पडते. भारतीय परिचर्या परिषदेच्या निकषांत रजेसाठी 30 टक्के राखीव मनुष्यबळ धरलं आहे ते याचसाठी. आठ जणींमागे ते अडीचच्या आसपास येतं. आपण निदान दोघी धरू, म्हणजे एकूण दहा.

इथे एक चूक वारंवार होते. त्या दोघींना कायमच्या ‘रिलीव्हर’ ठरवलं जातं आणि ज्याच्या त्याच्या रजेवर त्यांनाच पाठवलं जातं. मग आठ जणींना नियम असतो आणि दोघींना नसतो. त्याऐवजी राखीव आठवडा ही पाचवी ओळ करावी. पाच जोड्या होतात. चार आठवडे तक्त्यातल्या ओळी चालायच्या, पाचव्या आठवड्यात सोमवार ते शनिवार सकाळची पाळी करायची आणि कुणी रजेवर गेलं तर तिच्या जागी उभं राहायचं, मग परत पहिल्या ओळीवर. एरवी या दोघींमुळे सकाळी राउंड, इंजेक्शनं आणि नव्या भरतीच्या गर्दीत दोन हात जास्त मिळतात. वर्षाच्या ठरलेल्या नाइटही दर सिस्टरमागे 91 वरून सुमारे 73 वर येतात.

राखीव आठवड्यालाही मर्यादा आहे. पाचव्या ओळीनंतर सोमवारी सकाळी आठला पहिली ओळ सुरू होते. शुक्रवारची नाइट केली तर शनिवारी सकाळी सुटून 48 तास मिळतात, शनिवारची केली तर 24 आणि रविवारची केली तर काहीच नाही. म्हणून शनिवार-रविवारच्या नाइटला राखीव सिस्टर लावायची नाही. त्या दोन रात्रींची रजा आपसांत अदलाबदल ठरवल्यावरच मंजूर करावी.

पाचव्या ओळीचा आणखी एक फायदा चटकन दिसत नाही. 28 दिवसांचं चक्र तेरा वेळा फिरलं की 364 दिवस होतात, वर्षाला एकच दिवस कमी. त्यामुळे चारच जोड्या असतील तर ठरावीक तारखेचे सण दरवर्षी तक्त्यात फक्त एक घर पुढे सरकतात, लीप वर्षाचा दिवस मध्ये आला तर दोन. 31 डिसेंबर 2025 ला बुधवार होता. त्या रात्री चौथ्या ओळीवर असलेल्या जोडीची 31 डिसेंबर 2026 ला, गुरुवारी, पुन्हा नाइटच येते. तक्त्यात कुणावर अन्याय नाही, तरी ती जोडी म्हणणारच की दर थर्टीफर्स्टला आम्हीच का. पाच जोड्यांच्या चक्रात 52 आठवड्यांनी जोडी दोन ओळी पुढे गेलेली असते. तीच जोडी 2026 च्या त्या गुरुवारी पहिल्या ओळीवर, दुपारच्या पाळीला असेल आणि रात्री आठला सुटेल.

जोड्या करताना अनुभवी सिस्टरसोबत नवी सिस्टर द्यावी, कारण रात्री डॉक्टर येईपर्यंतचे निर्णय या दोघींनाच घ्यायचे असतात. पण जोड्या कायमच्या ठेवू नयेत. चक्र दोन-तीन वेळा फिरलं की बदलाव्यात, नाहीतर नव्या सिस्टरला एकाच व्यक्तीची कामाची पद्धत कळते.

तक्ता बहुधा अदलाबदलीत बिघडतो. ‘माझी गुरुवारची दुपार तू कर, तुझी शनिवारची सकाळ मी करते’ हे दोघींना सोयीचं वाटतं, पण त्यात गुरुवारी सकाळी आठला नाइट संपवलेली सिस्टर दुपारी दोनला परत उभी राहू शकते. म्हणून अदलाबदल मान्य करताना इन्चार्जने तीन गोष्टी पाहाव्यात: नाइट संपल्यापासून 48 तासांत कुठलीही ड्युटी येत नाही ना, सलग तीनपेक्षा जास्त नाइट होत नाहीत ना, आणि नाइटच्या बदल्यात नाइटच दिली जाते आहे ना. शेवटची अट महत्त्वाची, कारण नाइट देऊन सकाळ घेण्याची सवलत हळूहळू त्याच दोघी-तिघींकडे जमा होते.

यासाठी चार्टसोबत एक वही लागते. प्रत्येक सिस्टरच्या नावापुढे तीन आकडे: प्रत्यक्ष केलेल्या नाइट, त्यांतल्या शनिवार-रविवारच्या, आणि सणाच्या. चार्टवर लिहिलेल्या नाइट नव्हेत, केलेल्या. गरोदर सिस्टरला किंवा दीर्घ आजारपणानंतर परतलेल्या सिस्टरला नाइटमधून सूट असेल तर तिचं नाव वेगळ्या पानावर, म्हणजे सूट आणि टाळाटाळ एकाच रकान्यात मोजली जात नाही. बाकीच्या सिस्टरांत वीस आठवड्यांनंतर एकूण नाइटचा फरक दोनपेक्षा जास्त दिसला, तर जिच्या कमी भरल्या तिला तिच्या पुढच्या राखीव आठवड्यात नाइटच्या रजेवर आधी बोलवायचं. ही वही नर्सिंग स्टेशनवर, सगळ्यांना उघडून पाहता येईल अशी ठेवावी. मेट्रनकडे तक्रार न्यायची वेळ आलीच, तर बोलणं तिच्यातल्या आकड्यांवरून सुरू होतं.