रात्री दीड वाजता अपलोड कोण करतंय?

राऊटरमधून किती डेटा गेला याची नोंद राऊटर स्वतःच ठेवत असतो. प्रत्येक पोर्टमागे दोन आकडे: आत आलेले बाइट आणि बाहेर गेलेले बाइट. विजेच्या मीटरसारखे हे आकडे फक्त वाढत राहतात, त्यामुळे एकाच वाचनातून काही कळत नाही. दोन वाचनांतला फरक घ्यायचा, मधल्या सेकंदांनी भागायचा, की वेग हाती येतो. हे वाचन दुसऱ्या संगणकावरून मागवण्याची पद्धत म्हणजे एसएनएमपी. ती 1988 पासूनची, म्हणजे आपल्या घरोघरी इंटरनेट येण्याच्या कितीतरी आधीची.

आज लिब्रेएनएमएस किंवा ग्राफाना यांसारखे मोफत डॅशबोर्ड हे काम करतात. लिब्रेएनएमएस ठरल्याप्रमाणे दर पाच मिनिटांनी वाचन घेऊन आलेख काढतो. कोपऱ्यात पडलेला जुना संगणक त्याला पुरतो. अडचण असते ती राऊटरची. इंटरनेट कंपनीने बसवून दिलेल्या बऱ्याच राऊटरमध्ये एसएनएमपीची सोयच नसते. मायक्रोटिकच्या राऊटरमध्ये ती असते, पण चालू करावी लागते. चालू झाली का, हे एका ओळीत तपासता येतं:

```
snmpget -v2c -c officeread 192.168.88.1 1.3.6.1.2.1.31.1.1.1.10.1
```

शेवटचा 1 हा पोर्टचा क्रमांक आणि त्याआधीची लांबलचक संख्या म्हणजे ‘बाहेर गेलेले बाइट’, तेही 64 बिटांच्या मोजणीत. जुनी 32 बिटांची मोजणी वापरू नये. ती सुमारे 4.3 अब्ज बाइटांवर शून्यावर येते आणि 100 एमबीपीएसने भरून वाहणाऱ्या लाइनवर त्याला सहा मिनिटंसुद्धा लागत नाहीत. `officeread` हा इथे परवलीचा शब्द आहे. पुष्कळ यंत्रांवर तो `public` असतो. तो बदलावा, आणि ही सोय फक्त आतल्या नेटवर्कला खुली ठेवावी.

आता समजा, पुण्यातलं एका सीएंचं ऑफिस आहे. रात्री आठला कुलूप लागतं. महिनाभराचा आलेख पाहिला तर मध्यरात्रीनंतर अपलोड जेमतेम 0.3 एमबीपीएस. पाचव्या आठवड्यात मात्र रोज 1:10 ते 4:30 या वेळात ते 4 एमबीपीएसवर जातं. तीन तास वीस मिनिटं म्हणजे 12,000 सेकंद. गुणून आठने भागलं की रात्रीला सुमारे 6 जीबी. बंद ऑफिसातून एवढं काय बाहेर जातंय? डाउनलोड वाढलं असतं तर विंडोजचे अपडेट म्हणून सोडून देता आलं असतं. अपलोडचं तसं नाही.

राऊटर फक्त ‘किती’ सांगतो, ‘कोण’ ते सांगत नाही. त्यासाठी स्विचच्या प्रत्येक पोर्टचा आलेख लागतो, आणि स्विचही एसएनएमपी जाणणारा हवा. इथे दिशेचा हमखास गोंधळ होतो: संगणकाने पाठवलेला डेटा स्विचच्या दृष्टीने ‘आत’ येतो. म्हणून राऊटरच्या इंटरनेटकडच्या पोर्टवरचा ‘बाहेर’चा उंचवटा स्विचच्या कुठल्या पोर्टवर ‘आत’ म्हणून त्याच वेळेला दिसतो, ते शोधायचं. समजा सातव्या पोर्टवर तो सापडला, आणि सातव्याला सीसीटीव्हीचा डीव्हीआर जोडलेला आहे.

आलेखाच्या आकारावरूनही बरंच समजतं. ठरलेल्या वेळी सुरू होऊन सपाट माथ्याने चालणारा उंचवटा बहुधा बॅकअपचा: कोणीतरी डीव्हीआरचं रेकॉर्डिंग क्लाउडवर पाठवायची सोय चालू केलेली असते. वेळीअवेळी उसळणारे, लाइन भरून टाकणारे काटे असतील तर काळजी जास्त. 2016 मध्ये मिराई नावाच्या मालवेअरने असेच कंपनीचा मूळ पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि डीव्हीआर ताब्यात घेऊन इतरांवर हल्ले चढवले होते. आलेखावरून संशय येतो एवढंच. डेटा कुठे चाललाय हे पाहायला राऊटरमधल्या चालू जोडण्यांची यादी रात्री त्याच वेळी उघडावी लागते.

दोन गोष्टी मात्र आलेखावर विश्वास ठेवण्याआधी पाहाव्यात. डॅशबोर्डचं घड्याळ यूटीसीवर असेल तर त्यावरचे रात्रीचे 2 म्हणजे आपले सकाळचे साडेसात; मग संशयित म्हणजे लवकर येणारा कारकून. दुसरी गोष्ट सरासरीची. जागा वाचवण्यासाठी जुन्या नोंदी मोठ्या कालखंडाच्या सरासरीत दाबल्या जातात. 20 एमबीपीएसचा दहा मिनिटांचा काटा दोन तासांच्या सरासरीत पावणेदोनच्याही खाली येतो आणि महिन्याच्या आलेखात तो कोणाच्या नजरेला पडत नाही. म्हणून सरासरीबरोबर कमाल मूल्यही साठवायला सांगावं, आणि निदान दोन महिने पाच मिनिटांच्या नोंदी जशाच्या तशा ठेवाव्यात. एका पोर्टमागे त्यांना फार तर काही एमबी जागा लागते.