हप्ता एजंटाच्या हातात

1987 सालची गोष्ट. एका गृहस्थांनी आदल्या वर्षी, मार्च 1986 मध्ये, आयुर्विमा महामंडळाच्या चार पॉलिसी घेतल्या होत्या. प्रत्येकी पंचवीस हजारांच्या, अपघाती मृत्यू झाल्यास दुप्पट रक्कम देणाऱ्या. हप्ता सहामाही होता. पहिले दोन हप्ते भरले, तिसरा 6 मार्च 1987 ला भरायचा होता, तो राहिला. वर मिळणारी सवलतीची मुदतही उलटून गेली. मग जूनमध्ये, ज्याच्यामार्फत पॉलिसी काढल्या होत्या तो एजंट आला आणि 2,730 रुपयांचा बेअरर चेक घेऊन गेला. चेक दुसऱ्याच दिवशी वटवला गेला. पैसे मात्र महामंडळात भरले गेले ते 10 ऑगस्टला. आणि 9 ऑगस्टला विमेदाराचे अपघाती निधन झाले होते.

विधवा पत्नीने दावा केला. महामंडळाने सांगितले की हप्ता वेळेत आलेला नाही, पॉलिसी बंद पडल्या आहेत, रक्कम मिळणार नाही. पत्नीचे म्हणणे साधे होते: पैसे तर जूनमध्येच दिले, तेही तुमच्याच एजंटाला. राज्य ग्राहक आयोगाला ते पटले. राष्ट्रीय आयोगाला पटले नाही. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि 1997 मध्ये निकाल महामंडळाच्या बाजूने लागला.

निकाल ऐकून कुणालाही चीड येईल. पण त्यामागचा तर्क समजून घेण्यासारखा आहे, कारण तोच तर्क दोन वर्षांनी महामंडळाच्या विरोधात गेला.

1872 च्या भारतीय करार कायद्यात एजंटासाठी एक अख्खे प्रकरण आहे. त्याचा गाभा एवढाच की एजंटाने आपल्या अधिकारात राहून केलेला व्यवहार हा मालकाने स्वतः केल्यासारखाच धरला जातो. भांडण होते ते ‘अधिकारात राहून’ या शब्दांवर. अधिकार लेखी किंवा तोंडी दिलेला असू शकतो. तो न बोलताही दिलेला असतो, परिस्थितीवरून आणि नेहमीच्या वहिवाटीवरून ओळखला जाणारा. कायद्याने स्वतःच याचे उदाहरण दिले आहे. मालक कलकत्त्याला राहतो, त्याचे दुकान श्रीरामपूरला आहे, दुकान दुसराच माणूस सांभाळतो. तो एका व्यापाऱ्याकडून मालकाच्या नावावर माल मागवतो, मालकाच्या पैशातून चुकवतो आणि हे सगळे मालकाला माहीत असते. अशा वेळी माल मागवण्याचा अधिकार त्याला कुणी लिहून दिला नव्हता, ही सबब चालत नाही.

विमा प्रकरणात हे दोन्ही दरवाजे बंद होते. एजंटाच्या नेमणूकपत्रात आणि महामंडळाच्या 1972 च्या एजंटविषयक नियमांत स्पष्ट लिहिले होते की एजंटाला महामंडळाच्या वतीने पैसे गोळा करण्याचा अधिकार नाही. हे नियम गुप्त नव्हते. जिथे मनाई लिहून ठेवली आहे, तिथे ‘न बोलता दिलेला अधिकार’ मानायला जागा उरत नाही.

उरला तिसरा दरवाजा, आणि खरी गंमत तिथेच आहे. करार कायद्याचे कलम 237 सांगते की एजंटाने अधिकाराबाहेर जाऊन काही केले, पण ते त्याच्या अधिकारातलेच आहे असा समज मालकानेच आपल्या शब्दांनी किंवा वागण्याने बाहेरच्या माणसाचा करून दिला असेल, तर मालक बांधला जातो. याला दर्शनी अधिकार म्हणता येईल. आत अधिकार नाही, पण बाहेरून तो दिसतो. त्या दिसण्यावर विसंबून ज्याने प्रामाणिकपणे व्यवहार केला, त्याला कायदा वाऱ्यावर सोडत नाही.

पण हा समज कुणी करून दिला, याला फार महत्त्व आहे. एजंटाने स्वतःच “मला अधिकार आहे” म्हटले, तर ते पुरत नाही. नाहीतर जो जितका धीट, तितका त्याचा अधिकार मोठा झाला असता.

हा मुद्दा सर्वांत स्वच्छ मांडला गेला तो 1964 मध्ये, लंडनच्या अपील न्यायालयात. बकहर्स्ट पार्क नावाची एक इस्टेट विकत घेऊन पुन्हा विकण्यासाठी एक कंपनी निघाली होती. संचालक मंडळावर चारजण. त्यातला एकजण व्यवस्थापकीय संचालकासारखा सगळा कारभार पाहू लागला, पण त्या पदावर त्याची नेमणूक कधीच झाली नव्हती. त्याने वास्तुविशारदांच्या एका फर्मला काम दिले. इस्टेट विकली गेली नाही, आणि फर्मचे 291 पौंडांचे बिल थकले. कंपनी म्हणाली, त्या माणसाला हे काम देण्याचा अधिकारच नव्हता. न्यायाधीश डिप्लॉक यांचे उत्तर असे होते: अधिकार दिलेला नसेल, पण मंडळाला तो काय करतो हे ठाऊक होते आणि मंडळाने ते चालू दिले. मंडळाकडे व्यवस्थापकीय संचालक नेमण्याचा हक्क होता. म्हणजे असा समज करून देण्याची ताकदही त्याच्याकडेच होती. मंडळाचे मौन हाच तो समज. कंपनीला बिल भरावे लागले.

आता याच फूटपट्टीने जूनमधला तो चेक मोजून पाहू. एजंट हप्ते गोळा करू शकतात असे महामंडळाने कधी म्हटले होते का? तसे वागून दाखवले होते का? विमेदाराच्या बाजूने असे काहीही सिद्ध झाले नव्हते. चेकही महामंडळाच्या नावाने नव्हता. तो बेअरर होता, ज्याच्या हातात असेल त्याला पैसे मिळणारा. एजंट लोकांकडून हप्ते घेतात ही गोष्ट घरोघरी ठाऊक होती हे खरे, पण ती एजंटांची रीत. ती महामंडळाने लोकांपुढे मांडलेली होती असे न्यायालयाला दिसले नाही. या ठिकाणी निकाल जरा कठोर वाटतो. ज्या संस्थेचा व्यवसाय घराघरांत एजंटांनीच पोहोचवला, तिला त्यांच्या सवयी माहीत नसतील का, असा प्रश्न पडतोच. पण माहीत असणे पुरत नाही. त्या माहितीनंतर संस्थेने काय केले किंवा होऊ दिले, हे दाखवावे लागते.

दोन वर्षांनी, 1999 मध्ये, दिल्लीच्या वीजपुरवठा उपक्रमातल्या एका कर्मचाऱ्याचे प्रकरण आले. त्याने पगारबचत योजनेतून विमा घेतला होता. दरमहा पगारातून हप्ता कापायचा आणि कार्यालयाने सगळ्यांचे हप्ते एकत्र करून महामंडळाला पाठवायचे, अशी ही योजना. हप्ता कापला गेला, पण पुढे पोहोचलाच नाही. कर्मचारी वारला. महामंडळ म्हणाले, हप्ता आलेला नाही. शिवाय कार्यालयाशी झालेल्या पत्रव्यवहारात लिहिलेले होते की कार्यालय हे कर्मचाऱ्यांचे एजंट राहील, महामंडळाचे नाही.

कागद पाहिला तर पहिल्यासारखेच प्रकरण. अधिकार नाकारणारे कलम, न पोहोचलेला हप्ता, विधवा पत्नी. तरीही सर्वोच्च न्यायालयाने पैसे देण्याची जबाबदारी महामंडळावर टाकली. कारण योजना महामंडळाची होती. हप्ता कापण्याची पद्धत त्यानेच ठरवली, कार्यालयाला त्यात उभे त्यानेच केले. कर्मचाऱ्याला वेगळी मागणीसूचना मिळायची नाही, स्वतंत्र पावती मिळायची नाही. कार्यालय महामंडळाचे एजंट नाही ही अट त्याला कुणी सांगितलेली नव्हती. पगारपत्रकात हप्ता कापलेला दिसला की त्याच्या लेखी पैसे भरले गेले. हा समज महामंडळानेच तयार केला होता. 2005 मध्ये अशाच आणखी प्रकरणांत न्यायालयाने हीच भूमिका कायम ठेवली.

दोन्ही निकालांत कायदा एकच. पहिल्यात मनाई उघड होती आणि समज एजंटाने निर्माण केला. दुसऱ्यात मनाई दोन संस्थांच्या पत्रात दडलेली होती, आणि समज मालकाने.

दडलेल्या सूचनेचे हेच तत्त्व बाजारात रोज लागू पडते. कलम 237 खाली दिलेले उदाहरण असे: एकाने दुसऱ्याकडे माल विकायला दिला आणि अमुक भावाखाली विकू नकोस म्हणून बजावले. त्याने तो कमी भावात विकला. घेणाऱ्याला ती ताकीद माहीत नव्हती. विक्री पक्की झाली. मालकाने नुकसान हवे तर आपल्या माणसाकडून वसूल करावे. पण घेणाऱ्याला ताकीद ठाऊक असेल, तर मात्र त्याला या कलमाचा आधार मिळत नाही.

अधिकार काढून घेतल्यावरही अशीच अडचण होते. याचे उदाहरण देताना कायद्याने मुंबईच्या गोदामातला कापूस निवडला आहे. मद्रासचा मालक पत्राने एजंटाला तो विकायला सांगतो, नंतर दुसऱ्या पत्राने तो अधिकार काढून घेतो. दुसरे पत्र मिळाल्यावरही एजंट कापूस विकतो. घेणाऱ्याला पहिले पत्र माहीत आहे, दुसरे नाही. तो पैसे देतो, एजंट पैसे घेऊन पसार होतो. घेणाऱ्याने पैसे चुकवले असेच धरले जाते आणि भुर्दंड मालकाला. बाहेरच्या माणसासाठी अधिकार संपतो तो त्याला कळल्यावरच. ‘सोबत फोटो असलेला इसम आमच्या फर्मच्या नोकरीत नाही, त्याच्याशी व्यवहार केल्यास आम्ही जबाबदार नाही’ अशा ज्या नोटिसा वर्तमानपत्रात छापून येतात, त्या याचसाठी. वर्षानुवर्षे त्याच माणसाच्या हाती उधारी चुकवणाऱ्या जुन्या गिऱ्हाइकाला मात्र थेट पत्र पाठवलेले बरे. त्याने ती नोटीस वाचली होती हे सिद्ध करणे सोपे नसते.

पहिल्या प्रकरणातला एक धागा अजून बाकी आहे. 10 ऑगस्टला महामंडळाने ते पैसे घेतले, मग एजंटाचे कृत्य त्याने मान्यच केले असे म्हणता येईल का? मालकाला अधिकाराबाहेरचा व्यवहार मागाहून आपलासा करता येतो, आणि तसे केले की तो सुरुवातीपासून अधिकारातलाच धरतात. पण कलम 198 ची अट आहे की मान्यता देणाऱ्याला महत्त्वाची सर्व वस्तुस्थिती ठाऊक हवी. खिडकीवर रक्कम स्वीकारणाऱ्याला विमेदार आदल्याच दिवशी वारला आहे हे ठाऊक नसेल, तर त्या पावतीला मान्यता म्हणता येत नाही.

राहतो तो एजंट. आपण अधिकृत आहोत असे खोटे भासवून कुणाला व्यवहारात ओढले आणि मालकाने तो नाकारला, तर होणारे नुकसान त्या माणसाने भरून द्यावे, असे कलम 235 सांगते. विमेदाराच्या पत्नीचा दावा 4 लाख 32 हजारांचा होता. एजंटावर हुकूम मिळवणे आणि त्याच्याकडून एवढी रक्कम प्रत्यक्ष वसूल करणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि म्हणूनच अशा खटल्यांत पहिला नेम नेहमी मालकावर धरला जातो.