थिएटरची ट्रॉली वॉर्डातून निघण्याआधी

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी वॉर्डातल्या सिस्टर एक छापील कागद घेऊन पेशंटच्या खाटेशी येतात आणि तेच तेच प्रश्न विचारतात. नाव काय, कुठल्या बाजूचं ऑपरेशन, शेवटचं काय खाल्लं. नातेवाइकांना वाटतं, सगळं केसपेपरवर लिहिलेलं असताना हा कागदी सोपस्कार कशाला? पण केसपेपरवर जे लिहिलंय ते आज, या क्षणी, या माणसाच्या बाबतीत खरं आहे का, एवढंच त्या कागदाला विचारायचं असतं. दोन्हींत फरक पडतो, आणि तो कुठे पडतो हे एक केस धरून बघू.

चौसष्ट वर्षांच्या एक आजी बाथरूममध्ये घसरल्या आणि डाव्या खुब्याचं हाड मोडलं. खुब्याचा अर्धा सांधा बदलायचा ठरला. लिस्टवर त्यांचा नंबर पहिला, साडेआठचा. साडेसहाला सिस्टरनी विचारलं, "आजी, उपाशी आहात ना?" आजी म्हणाल्या, "हो, काही खाल्लं नाही." सिस्टरनी तिथे टिक केली असती तर गोष्ट संपली असती. त्यांनी पुढे विचारलं, "चहा?" साडेपाचला सुनेनं थर्मासमधून अर्धा कप चहा दिला होता, त्यात बुडवून दोन बिस्किटं. आजी खोटं बोलल्या नव्हत्या. चहाला खाणं कुठल्या घरात म्हणतात?

भूल दिली की खोकण्याची आणि गिळण्याची प्रतिक्रिया मंदावते. पोटातलं अन्न वर आलं तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं आणि जठरातलं आम्ल फुप्फुसाला भाजून काढतं. म्हणून हलकं खाणं आणि दूध यांना सहा तास, तळकट किंवा मटणाच्या जेवणाला आठ तास. दुधाचा चहा दुधातच मोजायचा. "पाठीतून भूल देणार आहेत, मग उपाशी कशाला," हाही नेहमीचा प्रश्न. पाठीतली भूल अपुरी पडली तर मध्येच पूर्ण भूल द्यावी लागते, म्हणून उपाशी राहण्याचा नियम दोन्हींना सारखाच.

उलट बाजूचा गैरसमजही तितकाच पक्का आहे: रात्री दहानंतर पाण्याचा थेंबसुद्धा नको. साधं पाणी जठरातून लवकर पुढे सरकतं, त्यामुळे भूल देण्याच्या दोन तास आधीपर्यंत बहुतेकांना ते चालतं. वयस्क माणसाला बारा-बारा तास कोरडं ठेवलं की भूल दिल्यावर रक्तदाब घसरायला निमित्त मिळतं. रक्तदाबाची किंवा मधुमेहाची कुठली गोळी घोटभर पाण्याबरोबर घ्यायची आणि कुठली टाळायची, हे मात्र भूलतज्ज्ञांनी आदल्या दिवशी लिहून दिलेलं असलं पाहिजे. एनबीएमच्या पाटीखाली सरसकट सगळ्या गोळ्या बंद करणं चूक.

आजींच्या बाबतीत साडेपाचात सहा तास मिळवले की साडेअकरा होतात. सिस्टरनी भूलतज्ज्ञांना फोन केला, दुसऱ्या नंबरचा पेशंट पुढे घेतला, आणि आजींना साडेनऊपर्यंत पाणी द्यायला परवानगी मिळाली. खुब्याचं ऑपरेशन दिवसेंदिवस लांबवणं चांगलं नाही, पण तीन तास थांबता येतं.

मिळालेल्या वेळात संमतीचा कागद बघितला, तर त्यावर सही मुलाची. आजी शुद्धीवर, बोलत्या, स्वतःचं हित समजणाऱ्या. मग सही त्यांचीच हवी. लिहिता येत नसेल तर अंगठा आणि साक्षीदार. नवरा, मुलगा किंवा आई यांची सही सज्ञान पेशंटच्या संमतीची जागा घेत नाही. 2008 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने एका प्रकरणात हेच स्पष्ट केलं. तपासणीसाठी भूल दिलेल्या महिलेचं गर्भाशय आणि बीजकोश आईच्या संमतीवर काढले होते. तातडीची परिस्थिती नव्हती, त्यामुळे ती संमती ग्राह्य धरली गेली नाही. दुसरा समज असा की सही दिली म्हणजे हॉस्पिटल सुटलं. निष्काळजीपणाला सहीनं माफी मिळत नाही. आणि ऑपरेशन समजावणं हे सर्जनचं काम. सिस्टर फक्त बघतात की कागदावर ऑपरेशनचं नाव आहे, बाजू अक्षरात लिहिली आहे, भुलीची आणि रक्ताची संमती घेतलेली आहे. झोपेचं इंजेक्शन दिल्यावर घेतलेल्या सहीला अर्थ उरत नाही.

ऑपरेशनच्या बाजूवर करायच्या खुणेबद्दल आजींच्या मुलानं हसून विचारलं, "पाय आखूड होऊन बाहेर वळलाय, वजन लावलंय, आता खूण कशाला?" वॉर्डात ते दिसतं. थिएटरमध्ये वजन काढलेलं असतं, भूल दिलेल्या पेशंटला कुशीवर वळवतात, चादरी पडतात आणि कातडीचा एक चौकोन तेवढा उरतो. खूण ऑपरेशन करणाऱ्या सर्जननं किंवा त्यांच्या टीममधल्या, थिएटरात हजर राहणाऱ्या डॉक्टरनं, पेशंट जागा असताना, कायम टिकणाऱ्या मार्करनं करायची. बॉलपेननं केलेली खूण स्पिरिटनं पुसून जाते. फुली मारायची नाही, कारण फुलीचा अर्थ 'इथे' की 'इथे नको' हे दोघं दोन तऱ्हेनं वाचू शकतात, बाण काढतात. सिस्टर स्वतः खूण करत नाहीत. संमतीपत्र, एक्स-रेवरची बाजूची खूण, आजींचं तोंडी उत्तर आणि मांडीवरचा बाण ही चार एकमेकांशी जुळतात का, ते बघतात. प्रश्नही "डावाच ना?" असा नव्हे, "कुठला पाय?" असा. पहिल्याला घाबरलेला माणूस काहीही असलं तरी हो म्हणतो.

दागिन्यांवरून सगळ्यात जास्त वाद होतो, खास करून मंगळसूत्रावरून. चोरीची भीती हे एकच कारण नसतं. ऑपरेशनमध्ये सलाइनमुळे बोटं सुजतात आणि घट्ट अंगठी रक्तपुरवठा अडवते. बांगड्या आणि पाटल्या सुईच्या आणि रक्तदाबाच्या पट्ट्याच्या आड येतात. जोडव्यांखालची कातडी नीट स्वच्छ होत नाही. गळ्यातलं काही भूलतज्ज्ञांच्या हाताशी येतं. रक्तस्राव थांबवणाऱ्या विजेच्या उपकरणानं धातूपाशी भाजण्याची शक्यता आजच्या मशिनांत कमी झाली आहे, पण शून्य नाही. आजींची अंगठी साबणानं निघाली. निघाली नसती तर भूलतज्ज्ञांना सांगून, गरजेप्रमाणे कापायची किंवा चिकटपट्टीनं झाकायची. नातेवाइकांच्या ताब्यात देताना रजिस्टरवर 'पिवळ्या धातूची अंगठी' असं लिहून दोघांच्या सह्या. 'सोन्याची' लिहायचं नाही. ते ठरवणं सिस्टरचं काम नव्हे. कवळीही याच वेळी निघते. ऐकण्याचं यंत्र मात्र भूल मिळेपर्यंत कानात राहिलं तर बरं, नाहीतर थिएटरात विचारलेलं आजींना ऐकूच येणार नाही.

शेवटी रक्त. मुलगा म्हणाला, "आईचा ग्रुप माहिती आहे, आम्ही तिघं बाहेर उभे आहोत, कुणाचंही घ्या." इथे तीन गोष्टी एकत्र झाल्या. ग्रुप माहिती असणं म्हणजे रक्त तयार असणं नव्हे. आजींच्या ताज्या नमुन्याची प्रत्यक्ष पिशवीतल्या रक्ताशी जुळणी करावी लागते. तो नमुना खाटेशीच, नाव विचारून, तिथल्या तिथे लेबल लावून घ्यायचा, कारण नमुन्यावर चुकीचं नाव लागलं तर जुळणी कितीही अचूक असून उपयोग नाही. दुसरं, आत्ता दिलेलं रक्त आत्ता चढवता येत नाही. त्याची एचआयव्ही, कावीळ ब आणि क, सिफिलिस, मलेरिया यांसाठी तपासणी होते. तिसरं मुलाला पटणं सगळ्यात अवघड गेलं: मुलाचं रक्त आईला सर्वांत सुरक्षित, हा समजच उलटा आहे. जवळच्या नात्यातल्या पांढऱ्या पेशी आईच्या शरीराला परक्या वाटत नाहीत, म्हणून नष्ट होत नाहीत, आणि त्याच तिच्या शरीरावर हल्ला करू शकतात. असं क्वचितच होतं, पण झालं तर बहुधा प्राणावर बेततं. त्यासाठी ते रक्त आधी किरणांनी प्रक्रिया केलेलं लागतं. मुलानं रक्त जरूर द्यावं. ते पेढीत जाऊन दुसऱ्या कुणाला उपयोगी पडेल.

सिस्टरच्या कागदावरच्या यादीत 'रक्त उपलब्ध' याचा अर्थ पिशवी वॉर्डात आणून ठेवली असा नाही. लाल पेशी 2 ते 6 अंशांतच ठेवाव्या लागतात. वॉर्डातला इंजेक्शनांचा फ्रीज दिवसभर उघडतो-मिटतो, त्याचा भरवसा नसतो, आणि अर्ध्या तासाहून जास्त बाहेर राहिलेली पिशवी पेढी परत घेत नाही. म्हणून सिस्टरनी रक्तपेढीला फोन लावला, आजींच्या नावानं दोन पिशव्या जुळवून राखून ठेवल्याची खात्री केली, पिशव्यांचे नंबर आणि फोनवर बोललेल्या तंत्रज्ञाचं नाव यादीवर लिहिलं, आणि वॉर्डबॉयला ट्रॉली आणायला सांगितली.