प्रबंधाच्या वाटण्या

एरंडोलला हायवेलगतच्या एका टायपिंगच्या दुकानात अहिराणी लोकगीतांवरचा एक प्रबंध गेला आठवडाभर मुक्कामाला होता. पाच प्रकरणं, साडेतीनशेच्या आसपास पानं, मोबाईलवर काढलेले शंभरावर फोटो आणि हे सगळं एकाच वर्ड फाईलमध्ये. संशोधक ताई महाविद्यालयात शिकवतात. दुसऱ्या प्रकरणात एक ओळ वाढवली, की पुढचं प्रत्येक पान सरकायचं, क्रमांक बदलायचे आणि कर्सर काही क्षण मुका व्हायचा. "भाऊ, सेव्हला टाकलं की चहा पिऊन यायचं," असं त्या हसत सांगत होत्या.

मला भीती सेव्हचीच वाटत होती. `.docx` ही खरं तर एक झिप फाईल असते. मुख्य मजकूर तिच्या पोटातल्या `document.xml` या एकाच फाईलमध्ये असतो आणि आत काय कुठे आहे त्याची यादी झिपच्या शेवटी लिहिली जाते. सेव्ह किंवा कॉपी पुरी होण्याआधी पेनड्राईव्ह उपसला किंवा लाईट गेली, तर ती शेवटची यादीच लिहायची राहते. मग मजकूर बराचसा शाबूत असूनही फाईल उघडत नाही. पाच वर्षांचं काम असं एका दोऱ्यावर टांगायचं नसेल, तर फाईलच्या वाटण्या कराव्या लागतात.

वर्डमध्येही मास्टर डॉक्युमेंटची सोय आहे, पण जुने जाणकार तिच्यापासून चार हात लांब राहतात. तिथे मास्टरमध्ये बसून प्रकरणात बदल करता येतो आणि सेव्ह करताना मास्टर व प्रकरणं दोन्हींवर लिहिलं जातं. काही बिघडलं तर एकदम बिघडतं. लिब्रेऑफिस रायटरमधला मास्टर फक्त जोडण्या सांभाळतो. त्यातून प्रकरण वाचता येतं, पण बदलता येत नाही. बदलायचं तर नॅव्हिगेटरमधल्या नावावर डबल-क्लिक करून मूळ फाईल उघडायची. ही अडचण वाटते, पण संरक्षणही तिच्यातच आहे. म्हणून आम्ही तो रस्ता धरला.

मूळ फाईलची प्रत बाजूला ठेवली, दुसरी `.odt` म्हणून सेव्ह केली आणि पहिल्याच पावलाला अडलो. नॅव्हिगेटर (`F5`) उघडला, तर त्यात एकही मथळा नाही! ताईंनी प्रकरणांची नावं ठळक, मोठी आणि मधोमध केली होती. माणसाला ती मथळे दिसतात, संगणकाला मात्र साधे परिच्छेद. बहुतेक प्रबंधांत हेच आढळतं. पाचही नावांना `Heading 1` ही शैली लावली, तेव्हा कुठे यादी दिसली. पुढचं काम दोन मिनिटांचं:

```
File > Send > Create Master Document
```

इथे पहिल्या पातळीवर तोडायचं निवडलं, की एक `.odm` आणि प्रत्येक प्रकरणाची वेगळी `.odt` तयार होते. सगळ्या एकाच फोल्डरात ठेवायच्या आणि हलवायचा तर अख्खा फोल्डर हलवायचा. एखाद्या फाईलचं नाव परस्पर बदललं तर मास्टरला ती सापडत नाही. प्रकरणात काही बदललं, की मास्टरमध्ये `Update > Links`.

तिसरं प्रकरण मात्र जडच राहिलं, कारण फोटो सगळे त्यातच. वाटणीने फोटोचं वजन कमी होत नाही. ते वेगळे लहान करून घ्यावे लागले. शैलींचंही एक गुपित आहे. एकाच नावाची शैली दोन्हीकडे असेल, तर मास्टरमध्ये मास्टरची चालते. त्यामुळे ओळींमधलं अंतर तिथे सुधारलं, तरी सुटं प्रकरण उघडल्यावर जुनंच दिसतं. ताई त्याने दचकल्या होत्या.

खरी गंमत शेवटी आली. विद्यापीठांकडून प्रबंध शोधगंगेवर जातात, तिथे प्रकरणवार पीडीएफ लागतात. आमच्याकडे प्रकरणांच्या फाईली तयारच. मग करा की त्यांच्या पीडीएफ! पण सुटी फाईल उघडली, की पृष्ठांक पुन्हा एकपासून सुरू होतो. दुसऱ्या प्रकरणातल्या तक्त्याचा संदर्भ तिसऱ्यात दिला असेल, तर तिथे `Error: Reference source not found` असंही येतं. मास्टरमध्ये मात्र दोन्ही बरोबर असतं. म्हणून प्रकरणाची पीडीएफही मास्टरमधूनच काढायची आणि निर्यातीच्या खिडकीत `Pages` मध्ये पानांची मर्यादा द्यायची.

तिथे छापलेला क्रमांक नव्हे, तर सुरुवातीपासून मोजलेलं पान द्यावं लागतं. ताईंच्या प्रबंधात शीर्षकपान, प्रतिज्ञापत्र, ऋणनिर्देश, अनुक्रमणिका अशी रोमन अंकांची चौदा पानं होती. तिसरं प्रकरण छापील 89 ते 154, म्हणून `103-168` टाकलं. पीडीएफ उघडून पहिल्या पानावर 89 आणि शेवटच्यावर 154 आहे का, एवढं पाहिलं आणि चौथ्याला हात घातला.