थालीपिठाचा हिशेब तेलापाशी चुकतो

भोसरी, चिखली, म्हाळुंगे, चाकण या पट्ट्यात कारखान्याची शिफ्ट संपवून व्यायामशाळेत जाणारी तरुण मंडळी हल्ली जेवणाचे ‘मॅक्रो’ मोजतात. मॅक्रो म्हणजे प्रथिने, कर्बोदके आणि स्निग्धांश, या तिन्हींचे ग्रॅम. अंडी, पनीर, केळे यांचे आकडे त्यांना तोंडपाठ असतात, पण डब्यातल्या थालीपिठाशी गाडी अडते. फोनवरच्या एका ॲपमध्ये थालीपीठ दीडशे कॅलरींचे असते आणि दुसऱ्यात तीनशेचे. प्रत्येकाने गृहीत धरलेले थालीपीठ निराळे असल्याने दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असू शकतात. डब्यातल्या थालीपिठाचा आकडा हवा असेल, तर ते ज्या घरात थापले जाते तिथेच मोजमाप करावे लागते.

सुरुवात भाजणीपासून करू. हिचे प्रमाण घरागणिक बदलते, म्हणून हिशेबासाठी एक साधी किलोभर भाजणी धरू: ज्वारी आणि बाजरी प्रत्येकी २५० ग्रॅम, तांदूळ आणि हरभरा डाळ प्रत्येकी १५० ग्रॅम, गहू १०० ग्रॅम, उडीद डाळ ७५ ग्रॅम आणि धणे २५ ग्रॅम. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ मध्ये भारतीय अन्नघटकांची कोष्टके प्रसिद्ध केली. त्यांत १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे १० ग्रॅम प्रथिने दिली आहेत, बाजरीत ११, तांदळात ८, हरभरा डाळीत साडेएकवीस आणि उडीद डाळीत २३. या आकड्यांवरून बेरीज केली, की आपल्या भाजणीत शेकडा पावणेतेरा ग्रॅम प्रथिने येतात. धान्य भाजताना त्यातले थोडे पाणी उडते आणि तेवढे पीठ घट्ट होते. म्हणून भाजलेल्या १०० ग्रॅम पिठासाठी सुमारे १३ ग्रॅम प्रथिने, ६५ ग्रॅम कर्बोदके, साडेतीन ग्रॅम स्निग्धांश, १२ ग्रॅम तंतुमय भाग आणि ३५० कॅलरी हे आकडे व्यवहाराला पुरतात.

किलोत डाळी जेमतेम पाव किलोहूनही कमी आहेत, तरी एकूण प्रथिनांपैकी जवळपास ४० टक्के त्यांच्याकडून येतात. शिवाय ज्वारी-बाजरीच्या प्रथिनांत लायसिन हे अमिनो आम्ल कमी पडते आणि डाळींत ते भरपूर असते. डाळींत मिथिओनिन कमी असते, ती उणीव धान्ये भरून काढतात. त्यामुळे डाळ महाग झाली म्हणून तिचे प्रमाण कमी करून तांदूळ वाढवला, तर चवीत फारसा फरक पडणार नाही, पण प्रथिनांचा आकडा लगेच खाली येईल. विकतच्या भाजणीच्या पाकिटावर घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. डाळी त्या यादीत कितव्या आहेत हे आधी पाहावे.

आता एक थालीपीठ. ६० ग्रॅम भाजणी, ३० ग्रॅम बारीक चिरलेला कांदा, तिखट, मीठ, हळद, कोथिंबीर आणि भिजवायला पाणी. पिठातून २१० कॅलरी, ८ ग्रॅम प्रथिने, ३९ ग्रॅम कर्बोदके आणि २ ग्रॅम स्निग्धांश मिळतात. चाकणचा बाजार कांद्याचा. तिथे राहणाऱ्याला कांद्याला हात आखडता घ्यायचे कारण नाही आणि मॅक्रोच्या हिशेबातही नाही. ३० ग्रॅम कांद्याच्या कॅलरी १४ भरतात. तो दुप्पट घातला तरी आणखी १४च वाढतात, कारण कांद्यात बहुतांश पाणी असते. कांद्याचे खरे काम वेगळेच आहे. ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते, त्यामुळे या पिठाला ताण सहन होत नाही आणि थापताना कडा फाटतात. मिठाने सुटलेले कांद्याचे पाणी पीठ ओलसर ठेवते आणि थालीपीठ आतून मऊ राहते. मात्र पीठ भिजवून तासभर ठेवले, तर हेच पाणी वाढत जाऊन गोळा सैल पडतो. मग वरून कोरडे पीठ घातले जाते आणि मोजलेले ६० ग्रॅम ७५ कधी झाले ते कळत नाही.

खरा फरक तेल करते.

चहाचा एक सपाट चमचा म्हणजे ५ मिलिलिटर, वजनाने साडेचार ग्रॅम, आणि कॅलरी ४०हून थोड्या जास्त. थालीपिठाला मधोमध आणि बाजूंनी बोटाने भोके पाडायची, त्यांत आणि कडेने तेल सोडायचे, झाकण ठेवायचे, उलटल्यावर पुन्हा थोडे सोडायचे, ही सगळ्यांची रीत. दोन चमचे तेल लागले तर थालीपीठ सुमारे ३०५ कॅलरींचे होते आणि त्यात ११ ग्रॅम स्निग्धांश असतो. तेच बुधलीतून धार धरून चार चमचे गेले, तर कॅलरी ३९० आणि स्निग्धांश २० ग्रॅम. प्रथिने दोन्हीकडे साडेआठच. पहिल्या थालीपिठात जवळपास एक तृतीयांश ऊर्जा स्निग्धांशातून येते, दुसऱ्यात निम्म्याच्या आसपास. पाकिटावरचा तक्ता कोरड्या पिठाचा असतो आणि त्यात यातला तेलाचा एक थेंबही धरलेला नसतो.

पुरी तळल्यावर उरलेले तेल कढईत दिसते. थालीपिठाच्या तव्यावर असे फारसे काही उरत नाही, भोकांत सोडलेले जवळजवळ सगळे तेल पोटात जाते. मोजणे त्यामुळे सोपे होते. तेलाची बुधली स्वयंपाकघरातल्या काट्यावर आधी तोलायची, चार थालीपिठे झाल्यावर पुन्हा तोलायची, आणि फरकाला चारने भागायचे. तव्यावर तेल साचून राहिले असेल, तर तेवढे वजा करायचे.

तेल जास्त का लागते याची कारणे तव्यापाशीच दिसतात. थेट तव्यावर थापायचे तर आधी तळाला सढळ तेल लावावे लागते. ओल्या फडक्यावर थापून तापलेल्या तव्यावर उलटले, तर कमी पुरते. पीठ कोरडे राहिले की भेगा पडतात आणि तेल त्यांत मुरते. लहान थालीपिठे केली की पीठ कमी लागते पण कडा वाढतात, त्यामुळे दर ग्रॅम पिठामागे तेल जास्त जाते. भाजलेले थालीपीठ तोलून हिशेब करणाऱ्यांची चूक निराळी. पाणी धरून ते १२० ग्रॅमच्या आसपास भरते, आणि त्याला कोरड्या पिठाचा शेकडा ३५० हा दर लावला की ४२० असा खोटाच आकडा येतो. म्हणून तोलायचे ते कच्चे पीठ.

आता पहिल्या शिफ्टच्या डब्यात दोन थालीपिठे आहेत असे धरू. भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या २०२० च्या शिफारशींत ६५ किलो वजनाच्या, मध्यम श्रम करणाऱ्या पुरुषासाठी दिवसाला २७१० कॅलरी, ५४ ग्रॅम प्रथिने आणि स्वयंपाकाचे ३० ग्रॅम तेल सांगितले आहे. दोन-दोन चमच्यांची दोन थालीपिठे सुमारे ६१० कॅलरी आणि १७ ग्रॅम प्रथिने देतात, म्हणजे दिवसाच्या गरजेपैकी ऊर्जा पाव हिश्शाहून थोडी कमी आणि प्रथिने जवळपास एक तृतीयांश. सोबत २० ग्रॅम दाण्याची चटणी घेतली तर साधारण ५ ग्रॅम प्रथिने वाढतात, पण शंभरावर कॅलरीही येतात. वाटीभर दही त्या मानाने हलके पडते. चार-चार चमच्यांच्या दोन थालीपिठांत मात्र ३६ ग्रॅम तेल जाते आणि दिवसभराचा वाटा न्याहारीतच ओलांडला जातो. दिवसभर खुर्चीत बसून काम करणाऱ्याला २११० कॅलरी पुरतात, त्याला हा फरक आणखी जड जातो.

कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये प्रत्येक थालीपिठाचे तेल तोलणे शक्य नाही, पण तिथे तेलाचा डबा १५ किलोचा असतो. फक्त थालीपिठांसाठी उघडलेला एक डबा साधारण १६५० थालीपिठांना पुरला, तर प्रत्येकी दोन चमचे पडले. तोच ९०० थालीपिठांत संपला, तर जवळजवळ चार. कॅन्टीनच्या वहीत डबा उघडल्याची तारीख आणि रोजच्या थालीपिठांचा आकडा एवढ्या दोन नोंदी असल्या, तरी हा भागाकार करता येतो.